प्रेयरपासून उलटं वाचा
मूटची तालीम : लेखांक ६

मागच्या लेखांकात मेमोरियलचा पहिला मसुदा पुरा झाला. सबमिशनला दोन दिवस उरलेत, टीममधल्या तिघांचेही डोळे लाल झालेत आणि कुणीतरी म्हणतं, ‘एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढू या.’ नेमकं हेच करू नका. स्वतःचा मसुदा सलग वाचताना माणूस कागद वाचत नाही, मनातलं वाचतो. शुद्धलेखनाच्या चार चुका सापडतात आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. मेमोरियलमधल्या महागात पडणाऱ्या चुका मात्र वाक्यात नसतात, त्या सांध्यात असतात. दोन ठिकाणची वाक्यं आपापल्या जागी ठीक असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून माझी तपासयादी पानांच्या क्रमाने जात नाही, ती सांध्यांच्या क्रमाने जाते.

गेल्या हंगामात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मसुदा घेऊन आली होती. तोच आज टेबलावर घेऊ. प्रपोझिशन थोडक्यात असं : एका राज्याने बसस्थानकांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवले. त्याविरुद्ध एका संघटनेने अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका केली. ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुणाने असा एक कॅमेरा फोडला. त्याच्यावरचा एफआयआर रद्द करायला उच्च न्यायालयाने नकार दिला, म्हणून तोही अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात आला. दोन्ही प्रकरणं एकत्र सुनावणीला ठेवलेली आहेत.

पहिला सांधा प्रेयरचा. शेवटचं पान आधी उघडा आणि प्रत्येक मागणीसमोर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा : ही मागणी कुठल्या इश्यूतून येते, आणि ती द्यायचा अधिकार न्यायालयाला कुठून मिळतो. तिच्या प्रेयरमध्ये तीन मागण्या होत्या. कॅमेरा योजना घटनाबाह्य ठरवा, जमा झालेली माहिती नष्ट करा, एफआयआर रद्द करा. पहिली ठीक होती. दुसरीचा युक्तिवादात मागमूस नव्हता. योजना का चुकीची हे बारा पानं सांगितलं होतं, पण आधीच गोळा झालेल्या चेहऱ्यांचं काय करायचं, यावर एक ओळ नव्हती. न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेला माणूस असा प्रेयर बघतो आणि तोंडी फेरीसाठी प्रश्न तिथल्या तिथे लिहून ठेवतो. अशा वेळी मार्ग दोनच : युक्तिवादात एक परिच्छेद घाला, नाहीतर मागणी काढा.

तिसरी मागणी जास्त गमतीची निघाली. तिचं जुरिस्डिक्शनचं पान फक्त अनुच्छेद ३२ सांगत होतं. ते मूलभूत हक्कांच्या याचिकेचं दार. एफआयआर रद्द करण्याचा प्रश्न त्या दाराने आलेला नव्हता, तो उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध १३६ मधून आला होता. म्हणजे ज्या अधिकाराचा उल्लेखच केलेला नाही, त्याखाली ती न्यायालयाकडे दाद मागत होती. आधी एका सीनियरचं जुनं मेमोरियल समोर ठेवून तिने ते पान उतरवलं होतं. सगळेच उतरवतात, मीही उतरवलं आहे. पण उतरवलेलं पान प्रेयरशेजारी ठेवून वाचायचं असतं.

प्रेयर उघडलाच आहे तर आणखी एक बघा. बहुतेक स्पर्धांत दोन्ही बाजूंची मेमोरियलं लिहावी लागतात आणि दुसरी बाजू पहिलीची कॉपी करूनच सुरू होते. एकदा मी तपासायला घेतलेल्या याचिकाकर्त्यांच्या मेमोरियलने शेवटी नम्रपणे विनंती केली होती, की ‘ही याचिका फेटाळण्यात यावी’. म्हणून याचिकाकर्त्यांच्या फाइलमध्ये ‘प्रतिवादीतर्फे’ आणि प्रतिवादींच्या फाइलमध्ये ‘याचिकाकर्त्यांतर्फे’ हे शब्द Ctrl+F ने शोधा. प्रत्येक जागी थांबून बघा, सरसकट बदलू नका.

सरसकट बदलण्याचं काय होतं, ते याच मसुद्यात दिसलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. घटना ऑगस्टमधली, म्हणजे नवे कायदे लागू. तिच्या जोडीदाराने रात्री एक वाजता Replace वापरून जुन्या संहितेचं नाव सगळीकडे नव्या संहितेने बदललं. कलमांचे आकडे तसेच राहिले. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्याखाली एफआयआर रद्द करायला मागतात. नव्या संहितेत ते कलम ५२८ झालं आहे. आणि नव्या संहितेतलं ४८२? तो अटकपूर्व जामीन, जो जुन्या संहितेत ४३८ होता. परिणामी मसुद्यातला तरुण उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करायला जात होता आणि दाखवत होता अटकपूर्व जामिनाचं कलम. वाक्य व्याकरणाने शुद्ध, आकडा खरा, कायदा खरा, अर्थ पार उलटा.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. मसुद्यातल्या प्रत्येक कलमाची यादी वेगळ्या कागदावर काढा आणि कायद्याचं मूळ पुस्तक उघडून एकेक ताडून पाहा. शेजारी घटनेची तारीख लिहा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर त्याला जुनी दंड संहिताच लागू राहते. प्रक्रियेचा प्रश्न वेगळा, त्यासाठी नव्या संहितेचं कलम ५३१ वाचा, प्रलंबित प्रकरणांचं काय होतं ते तिथे आहे.

आता तळटीपा. इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथली चूक नुसती गबाळेपणाची नसते, ती प्रामाणिकपणावर शंका आणते.

खासगीपणाचा प्रश्न, म्हणजे पुट्टास्वामी आलाच. पण पुट्टास्वामी दोन आहेत. २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल, (२०१७) १० एससीसी १, ज्याने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०१८ चा पाच न्यायमूर्तींचा आधारवरचा निकाल, (२०१९) १ एससीसी १. पक्षकारांची नावं तीच. तिच्या मसुद्यात टीप १८ मध्ये पहिला निकाल होता, टीप २३ मध्ये दुसरा आणि टीप ३१ मध्ये नुसतं ‘पुट्टास्वामी, सुप्रा’. कुठला? तिलाही आठवेना. पहिल्यांदा उल्लेख येतो तिथेच दोघांना वेगळी छोटी नावं द्यावीत, एकाला ‘पुट्टास्वामी’ आणि दुसऱ्याला ‘आधार निकाल’, आणि पुढे तीच पाळावीत.

टीप १९ तर आणखी खोल निघाली. मजकुरात लिहिलं होतं, ‘नऊ न्यायमूर्तींच्या बहुमताने चार कसोट्या घालून दिल्या’, आणि टीपेत परिच्छेद ६३८. त्या निकालात नऊही जण निष्कर्षावर एकमत होते, पण निकालपत्रं सहा आहेत. न्या. चंद्रचूड यांचं निकालपत्र स्वतःसह चौघांसाठी आहे. नवातले चार म्हणजे बहुमत नव्हे. त्यांची कसोटी तीन पायऱ्यांची आहे आणि ती एससीसीमध्ये परिच्छेद ३१० मध्ये येते. परिच्छेद ६३८ मधल्या चार पायऱ्या न्या. कौल यांच्या स्वतंत्र, सहमतीच्या निकालपत्रातल्या. म्हणजे एकाच न्यायमूर्तीचं म्हणणं तिने नवांच्या तोंडी घातलं होतं. ‘न्यायालयाने म्हटलं’ असं वाक्य दिसलं की थांबा आणि विचारा : कोणी म्हटलं, कितीजणांसाठी, आणि ते बहुमतात होते का? आधार निकालात तर हे फारच जपावं लागतं. तिथे चंद्रचूड यांचं निकालपत्र चार विरुद्ध एक अशा विभागणीतलं एकट्याचं भिन्नमत आहे. ते वाचायला जोरदार आहे, म्हणूनच विद्यार्थ्यांच्या हातात पटकन येतं. ते जरूर वापरा, पण भिन्नमत आहे हे टीपेत लिहून वापरा.

परिच्छेदांच्या आकड्यांतही खोच आहे. एससीसीमध्ये सहाही निकालपत्रांना एकच सलग क्रमांक दिलेत. न्यायालयाच्या मूळ पीडीएफमध्ये प्रत्येक निकालपत्राचे क्रमांक नव्याने सुरू होतात. टीममधल्या एकीने पुस्तकातून आणि दुसऱ्याने पीडीएफमधून टिपणं काढली असतील, तर साइटेशन एससीसीचं आणि परिच्छेद पीडीएफचा अशी खिचडी होते. तपासायची रीत साधी : टीपेतला आकडा घेऊन त्याच प्रतीत जायचं आणि त्या परिच्छेदात आपल्या वाक्याला आधार देणारी ओळ बोटाने दाखवायची. दाखवता आली नाही, तर टीप खोटी.

मग ‘इबिड’. त्याचा अर्थ ‘लगेच वरच्या टीपेतलंच’. तिने टीप १९ नंतर ‘इबिड, परिच्छेद ३२५’ असं लिहिलं होतं. शेवटच्या रात्री मधे मनेका गांधीची टीप घुसली, आणि आता मनेका गांधीच्या निकालात परिच्छेद ३२५ शोधायची वेळ आली. म्हणून मी मसुद्यात ‘इबिड’ वापरूच देत नाही. सगळीकडे छोटं नाव लिहा, आणि स्पर्धेच्या शैलीला हवं असेल तर टीपा गोठल्यावर शेवटच्या तासात ‘इबिड’ घाला. ‘सुप्रा टीप १८’ मधला १८ हाताने टाइप केला असेल तर तोही सरकत नाही. तो References मधल्या Cross-reference ने घाला. आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं : Ctrl+A करून F9 दाबल्यावर फक्त मुख्य मजकुरातले आकडे ताजे होतात. तळटीपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करावं लागतं.

वस्तुस्थितीचं पान लवकर होतं. प्रत्येक वाक्यासमोर प्रपोझिशनचा परिच्छेद क्रमांक लिहा. ज्या वाक्याला क्रमांक मिळत नाही ते तुम्ही रचलेलं आहे. तिच्या पानावर ‘प्रवाशांमध्ये भीतीचं वातावरण पसरलं’ असं होतं. प्रपोझिशनमध्ये भीती कुठेच नव्हती, फक्त कॅमेरे होते. मागाहून आलेली स्पष्टीकरणंही याच वेळी शेजारी ठेवा, कारण त्यांत कधी कधी एखादी तारीख बदललेली असते.

सर्वांत शेवटी, आणि खरोखर सर्वांत शेवटी, अनुक्रमणिका आणि निकालांची सूची ताजी करा. त्यानंतर एक स्वल्पविराम हलवला तरी ती पुन्हा ताजी करा, आणि पानांत Error! हा शब्द शोधा. शब्दमर्यादा मोजताना स्पर्धेचा नियम तळटीपा धरतो का ते वाचा. धरत असेल तर Word Count च्या चौकटीत तळटीपांसमोरची खूण चालू आहे ना, ते बघा.

राहिली ओळख. मेमोरियलवर टीम कोडशिवाय काही दिसू नये, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आमच्या विद्यार्थिनीने मुखपृष्ठ, हेडर, फाइलचं नाव, सगळं स्वच्छ केलं होतं. मी ती पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली, तर वरच्या टॅबवर तिच्या कॉलेजचं पूर्ण नाव. सीनियरच्या जुन्या फाइलमधला Title तसाच राहिला होता. File, मग Info, मग Inspect Document, आणि पीडीएफ नव्याने. त्या दिवशी सबमिशनला चाळीस मिनिटं उरली होती.