कमजोरी पायांत, बिघाड पाठीत

चाळिशीतला एक माणूस. तीन आठवड्यांपासून पाय जड झालेत, चालताना चप्पल निसटते, कडक झालेले पाय नीट वाकत नाहीत. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरलंय, पाठीत मधोमध दुखतं. दुखणं पायांचं म्हणून कुणीतरी कमरेचा एमआरआय करायला सांगतं आणि तो नॉर्मल येतो. असे रुग्ण खरोखर येतात, आणि चूक बहुतेकदा यंत्राची नसते. कुठे बघायचं हे आधी ठरलेलं नसतं.

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. त्यातली जवळपास प्रत्येक नस त्वचेच्या एका ठरावीक पट्ट्याची जाणीव सांभाळते, तो डर्माटोम. ती जे स्नायू हलवते, तो मायोटोम. छाती-पोटावर हे पट्टे आडवे, एकाखाली एक लागलेले असतात: स्तनाग्रांपाशी टी-४, बेंबीपाशी टी-१०, जांघेत टी-१२ आणि एल-१. हातापायांवर ते लांबट होतात. अंगठ्यावर सी-६, मधल्या बोटावर सी-७, करंगळीवर सी-८. पावलाच्या वरच्या बाजूला एल-५ आणि बाहेरच्या कडेला एस-१. शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून एकच नस दुखावली तर बधिरपणा फारसा सापडत नाही. मज्जारज्जू दाबला गेला की मात्र त्या जागेखालचं सगळंच मंदावतं.

आता तपासणी. या माणसाच्या पावलापासून वर टोकदार पिन हलकेच टोचत जायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, "टोचतंय, की नुसतं लागतंय?" दोन्ही बाजूंनी, पुढून आणि पाठीवरूनही. बेंबीच्या जरा वर तो म्हणतो, "हां, आता टोचलं." तिथे पेनाने रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची.

मग स्नायू. कोपर वाकवणं सी-५, मनगट उचलणं सी-६, कोपर सरळ करणं सी-७, बोटं मिटणं सी-८, बोटं फाकवणं टी-१. हे सगळं उत्तम आहे, म्हणजे मान सुटली. ही पायरी गाळायची नाही. छातीच्या वरच्या भागात सी-४ च्या खाली थेट टी-२ चा पट्टा येतो, मधले सगळे हातावर गेलेले असतात. त्यामुळे छातीच्या वरच्या भागात थांबलेली रेघ खरं तर मानेतल्या बिघाडाचीही असू शकते. ते हातच सांगतात.

पायांत मांडी वर उचलणाऱ्या एल-२ पासून पाऊल खाली दाबणाऱ्या एस-१ पर्यंत सगळेच स्नायू कमी ताकदीचे आहेत, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जोरात येते आणि तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो. हा बिघाड मज्जारज्जूतला किंवा त्याच्याही वरचा. मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली फक्त नसांचा जुडगा. म्हणून कमरेच्या खालच्या भागातल्या दाबाने हे चित्र येणार नाही.

मला सर्वात आवडणारी खूण यापुढची. रुग्णाला उताणं झोपवून, हात छातीवर ठेवून, फक्त डोकं उचलायला सांगायचं. बेंबी जागेवर राहायला हवी. याची बेंबी वर सरकते, कारण पोटाचा वरचा स्नायू ओढतोय आणि खालचा थकलाय. यालाच बीव्हरची खूण म्हणतात. म्हणजे बिघाड टी-१० च्या आसपास.

पण टी-१० हा मज्जारज्जूचा खंड आहे, दहावा मणका नव्हे. रज्जू कण्यापेक्षा आखूड, म्हणून खंड आणि मणके जुळत नाहीत. छातीच्या वरच्या भागात दोन, मधल्या भागात तीनचा फरक धरायचा. टी-१० चा खंड छातीच्या सातव्या मणक्याच्या मागच्या काट्याजवळ, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाच्या रेषेत असतो. तिथे थाप मारली की याला दुखतं. छातीच्या मणक्यांचा एमआरआय केल्यावर सातव्या-आठव्या मणक्यामधली चकती खाल्लेली आणि पू रज्जूवर दाबत असलेला दिसतो: मणक्याचा क्षय, जो आपल्याकडे दुर्मीळ नाही.

तरीही रेघ नेहमी खरी पातळी दाखवत नाही. बाहेरून दाब येतो तेव्हा पायांकडच्या जाणिवेचे तंतू कडेला असल्याने आधी दबतात, म्हणून सुरुवातीला रेघ खऱ्या जागेच्या बरीच खाली सापडते. ती फक्त "बिघाड इथे किंवा याच्या वर" एवढंच सांगते. म्हणूनच खूण शंकास्पद असेल तर पूर्ण कण्याचा एमआरआय मागवावा. अपघातासारखा अचानक आघात असेल तर काही दिवस पाय ढिले पडतात, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा होतात. तेव्हा त्यांच्या अभावावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि वेळ लिहिलेली ती रेघ काही तासांनी पुन्हा तपासायची. ती वर चढली असेल, किंवा लघवी अडकली असेल, तर कण्याच्या शल्यविशारदाला लगेच बोलवावं.