फोटोतले बदक ओळखताना

शेततळ्यावर बदके पाळणाऱ्यांची संख्या वाढली, तसा एक प्रश्न मोबाइलवर वारंवार येऊ लागला आहे. सोबत फोटो असतो आणि खाली दोन ओळी: ही जात कोणती, आणि हिला काही झाले आहे का? फोटोवरून उत्तर देता येते, पण त्यासाठी चोच, पाय आणि पिसे या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. नुसती चोच पाहिली की जात चुकते, नुसती पिसे पाहिली की आजार नसताना आजार दिसतो. आणि या तिन्हींच्याही आधी पाहायचा तो प्रकाश.

फोटोतला रंग हा पक्ष्याचा रंग असेलच असे नाही. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवून घेतो. सावलीत काढलेल्या फोटोवर निळसर झाक येते, संध्याकाळच्या उन्हात सगळे पिवळे दिसते, हिरव्यागार गवतावर उभ्या असलेल्या पांढऱ्या बदकाचे पोट हिरवट दिसते. म्हणून फोटो हातात आला की आधी त्यात पांढरी असायलाच हवी अशी एखादी वस्तू शोधावी: अंडे, चुन्याची भिंत, कागद. तीच निळसर किंवा पिवळसर दिसत असेल, तर चोचीच्या रंगावरून काहीही ठरवू नये.

आता जातीकडे वळू. आपल्याकडे मांसासाठी पाळले जाणारे शुभ्र किंवा किंचित सायीच्या रंगाचे, भरदार छातीचे बदक म्हणजे बहुधा व्हाइट पेकिन. चीनमधून ही जात 1873 मध्ये अमेरिकेत गेली आणि तिथून जगभर पसरली. तिची चोच आणि पाय दोन्ही नारिंगी असतात. पांढरे बदक पेकिनच असते असे मात्र नाही. इंग्लंडमधली एल्सबरी ही जातही शुभ्रच, पण तिची चोच फिक्या गुलाबी रंगाची. पांढऱ्या बदकाचे डोळ्याभोवतीचे कातडे लाल आणि खडबडीत दिसले, पायांच्या बोटांना चांगली धारदार नखे दिसली, तर ते मस्कोव्ही. हे मूळचे अमेरिका खंडातले, आणि पेकिनपासून वेगळ्या वंशाचे. त्याच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे 35 दिवस लागतात, इतर पाळीव बदकांना 28. ही खूण जपणे पालकाच्या फायद्याचे आहे, कारण पेकिन आणि मस्कोव्ही यांचा संकर झाला तर ती संतती पुढे वाढत नाही.

अंड्यांसाठी पाळतात ते खाकी कॅम्पबेल. एडेल कॅम्पबेल या इंग्लंडमधल्या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात तयार केली. यातली मादी अंगभर खाकी, चोच हिरवट काळसर, पाय तपकिरी. नराचे डोके आणि मान काशासारख्या हिरवट चकाकीची आणि पाय जास्त नारिंगी. म्हणजे एकाच कळपातले दोन पक्षी वेगळ्या रंगाचे दिसले म्हणून दोन जाती मानू नयेत. ते नर-मादी असू शकतात. मस्कोव्ही सोडून बाकी बहुतेक पाळीव बदकांत नर ओळखायची आणखी सोपी खूण शेपटीवर असते: वर वळलेली एक-दोन पिसे. ती फोटोत दिसली की नर नक्की. दिसली नाहीत तर मात्र मादीच असे म्हणता येत नाही, कारण पिसे गळायच्या दिवसांत तीही गळतात.

फार्महाऊसवर दिसणारे मोठे पांढरे पक्षी, ज्यांना लोक सर्रास राजहंस म्हणतात, ते बहुधा गूज असतात. त्यांची जात पाहायला कपाळाकडे जावे. चोच जिथे डोक्याला मिळते तिथे गाठीसारखा उंचवटा असेल तर तो पक्षी आशियाई वंशाचा. चिनी गूजला ती गाठ असते. पांढऱ्या रंगात चोच आणि गाठ नारिंगी, तपकिरी रंगात दोन्ही काळी, पाय मात्र नारिंगीच. गाठ नसलेला, निळ्या डोळ्यांचा, जाडजूड पांढरा गूज असेल तर युरोपातला एम्बडेन असण्याची शक्यता जास्त. पण पिल्लांना गाठ नसते, ती वयाबरोबर वाढते. त्यामुळे लहान वयाच्या फोटोवरून हा निकाल देऊ नये.

एक बाब वेगळी सांगायला हवी. तलावाकाठी सापडलेले खवल्याखवल्यांच्या नक्षीचे बदक कुणी घरी आणते आणि 'ही गावठी जात आहे ना' असे विचारते. त्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके असतील, तर ते हळदी-कुंकू बदक. ते रानपक्षी आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे ते पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. जखमी असेल तर वनविभागाला कळवावे.

आता आरोग्य. इथे एक फोटो सविस्तर पाहू. कोकणातल्या ओळखीच्या एका बदकपालकाने तो पाठवला होता. निळ्या ताडपत्रीखाली सहा पांढरी बदके, त्यातल्या एका मादीची चोच करडी-निळसर, तिच्यावर काळे ठिपके, मानेच्या मागचा भाग उघडा. प्राणवायू कमी पडतोय, शिवाय कातडीचा रोगही झालाय, असे त्याला वाटत होते. चोच निळसर होणे हे खरोखर गंभीर लक्षण आहे. श्वसनाचा त्रास झाला किंवा विषबाधा झाली तर तसे होते. पण या फोटोत शेजारची पिसेही निळसरच होती आणि मागची चुन्याची भिंतसुद्धा. ताडपत्रीतून आलेल्या उजेडाने सगळ्यांवरच निळी झाक चढली होती. मादीची चोच मिटलेली होती, मान ताणलेली नव्हती, डोळा स्वच्छ आणि पूर्ण उघडा होता. दम लागलेले बदक असे उभे राहत नाही.

त्याला मोकळ्या उजेडात, पण थेट ऊन नसलेल्या जागी, चोचीशेजारी पांढरा कागद धरून दुसरा फोटो काढायला सांगितले. त्यात चोच फिकट पिवळी दिसली. ठिपके मात्र खरे होते. पेकिन मादी अंड्यावर आली की तिच्या चोचीचा नारिंगी रंग उतरू लागतो. हा रंग हिरवा चारा, मका यांतून येतो, आणि अंडी सुरू झाली की त्याचा बराच भाग बलकात जातो. त्याच काळात चोचीवर काळे ठिपकेही येतात. विचारल्यावर कळले की मादी रोज अंडे देत होती. तेव्हा ही चोच आजारी नव्हती, कामाला लागलेल्या मादीची होती. अंडी बंद असताना, चाराही नीट मिळत असताना चोच अशी फिकी पडली असती, तर मात्र 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा जंत यांचा विचार करावा लागला असता.

राहिला मानेचा प्रश्न. उघड्या भागाच्या कडेला पिसांचे तुटके दांडे दिसत होते, कातडी गुळगुळीत होती, खपली नव्हती, बाकी अंगावरची पिसे स्वच्छ होती. कातडीचा रोग किंवा उवा नेमक्या मानेच्या मागच्या बाजूलाच थांबत नाहीत. जुगताना नर मादीची तीच जागा चोचीत धरतो. पहिल्या फोटोकडे परत जाऊन शेपट्या मोजल्या, तर सहांपैकी दोघांच्या शेपटीवर वळलेली पिसे होती. चार माद्यांमागे दोन नर! एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात. एक नर वेगळा केला. काही आठवड्यांनी मुळासकट उपटल्या गेलेल्या जागी नवी पिसे फुटलेली दिसली. जिथे दांडा अर्धा तुटला होता तिथे मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत थांबावे लागते.

पीसगळ हीच पालकांना सर्वांत जास्त घाबरवते. बदके आणि गूज पंखांतली उडायची पिसे एकदमच गाळतात, त्यामुळे पक्षी आठवडाभरात विद्रूप दिसतो. हिरव्या डोक्याचा नर तर या काळात मादीसारखा मातकट होतो. पीसगळ दोन्ही बाजूंना सारखी असते आणि जवळून पाहिले तर जुन्या जागी कोंबासारखी नवी पिसे निघालेली दिसतात. एकाच बाजूला टक्कल असेल, कोंब नसतील, तर ते वेगळे प्रकरण समजावे.

याहून चिंतेची स्थिती म्हणजे ओली पिसे. पिसांचे बारीक धागे चेनच्या दातांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल बदक चोचीने अंगभर लावत असते. चिखल आणि विष्ठेने ही वीण बिघडली, किंवा डोके बुडवण्याइतकेही स्वच्छ पाणी मिळाले नाही, की पाणी आत शिरते. हे फोटोत सहज पकडता येते. पक्षी पाण्यातून बाहेर आल्याबरोबर पाठीचा जवळून फोटो काढा. निरोगी पाठीवर थेंब मणी होऊन उभे राहतात. बिघडलेल्या पाठीवर पिसांच्या बटा होतात आणि मधून कातडी दिसते. असे बदक थंडीत गारठून मरू शकते. त्याला स्वच्छ पाणी आणि कोरडी, भरपूर पेंढ्याची जागा द्यावी.

पायांच्या बाबतीत नेहमीचा फोटो उपयोगाचाच नसतो, कारण दुखणे तळव्याला असते. सिमेंटच्या किंवा खडबडीत जमिनीवर तळव्याला चीर पडते, जंतू शिरतात, आत घट्ट पू साठतो. वरून पाहिले तर पाय छान नारिंगी. उलटा केला तर मध्ये सूज आणि त्यावर काळी खपली. पक्षी उचलून दोन्ही तळव्यांचा फोटो काढला तरच हे कळते. काळी खपली दिसली तर घरी चिरू नये, पशुवैद्यक लागतोच. पिल्लांचे पाय वाकडे होत असतील तर खाद्य तपासावे: बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते, आणि नुसत्या कोंबडीखाद्यावर ते कमी पडू शकते.

फोटो कुठे थांबतो हेही ठाऊक असावे. बर्ड फ्लूचा विषाणू अंगात असूनही बदक धडधाकट दिसू शकते. चोच उजळ, पिसे चकचकीत, पाय नारिंगी. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ 2006 मध्ये आपल्याच नवापूरला आढळली होती. म्हणून एकाएकी दोन-चार पक्षी मेले, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

बाकी वेळी तुलनेसाठी जुना फोटो असला तर निदान निम्मे सोपे होते. तुमची बदके आज ठणठणीत असतील तर आजच प्रत्येकाचे चार फोटो काढून ठेवा: चोच बाजूने, पाठ वरून, तळवे खालून आणि पंख पसरून. प्रत्येक फोटोत पांढरा कागद असू द्या आणि तारीख लिहून ठेवा.