विश्लेषण : औषधांच्या ‘घरपोच’ जाहिरातीत काय लिहावे, काय टाळावे?

‘संपूर्ण नवी मुंबईत औषधे घरपोच, २४ तास. चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवा.’ मेडिकल दुकानांच्या पाटीवर किंवा समाजमाध्यमांवरील फोटोखाली असा मजकूर सहज दिसतो. दोन ओळींच्या या मजकुरात तीन अडचणी आहेत. त्यांचा फटका दुकानदाराच्या परवान्याला बसू शकतो आणि त्या भरवशावर राहिलेल्या रुग्णाची गोळीही चुकू शकते.

नियम काय आहे?

किरकोळ औषध विक्रेत्यांच्या घरपोच सेवेबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २६ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, अधिसूचना काढली. चिठ्ठीवर मिळणारी, म्हणजे ‘शेड्यूल एच’मधील औषधे परवानाधारक दुकानाने घरी कशी पोहोचवावीत, याच्या अटी तिच्यात आहेत. ही अधिसूचना मागे घ्यावी, अशी मागणी औषध विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने केली आहे. त्यामुळे मजकूर छापण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयात सद्यस्थिती विचारून घेणे शहाणपणाचे.

‘संपूर्ण नवी मुंबई’ का चालत नाही?

दुकान ज्या महसुली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औषध पोहोचवावे, अशी अट आहे. समजा, दुकान सीबीडी बेलापूरला आहे. बेलापूर, सीवूड्स, नेरुळ, वाशी हे भाग ठाणे जिल्ह्यात येतात. हार्बर मार्गावरचे पुढचेच स्थानक खारघर मात्र रायगड जिल्ह्यात आहे. कामोठे आणि उलवेही रायगडमध्येच. लोकांच्या बोलण्यात हे सगळे नवी मुंबईच असले, तरी अट जिल्ह्याची आहे. म्हणून मजकुरात शहराऐवजी उपनगरांची नावे द्यावीत आणि खारघरला सेवा नाही, हेही लिहावे.

वेळ कशी लिहावी?

संदेश रात्री दोनलाही येतो, पण चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. फार्मासिस्ट रात्री नसेल, तर ‘२४ तास’ म्हणता येणार नाही. ऑर्डर घेण्याची वेळ आणि त्याच दिवशी औषध मिळण्यासाठीची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच लिहाव्यात, साप्ताहिक सुटीही सांगावी.

चिठ्ठी कशी आणि किती जुनी?

अधिसूचनेनुसार चिठ्ठी दुकानात द्यावी किंवा ई-मेलने पाठवावी. ई-मेलने घ्यायची असेल, तर दुकानाने तो पत्ता परवाना अधिकाऱ्याकडे नोंदवलेला हवा. व्हॉट्सॲपचा त्यात उल्लेख नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण आणि डोस हवा.

तात्पुरत्या आजाराची चिठ्ठी दिल्यापासून ७ दिवसांत आणि दीर्घकालीन आजाराची ३० दिवसांत दुकानाकडे यायला हवी. म्हणजे ३ तारखेला घशाच्या संसर्गासाठी मिळालेल्या चिठ्ठीवर १५ तारखेला घरपोच औषध मिळणार नाही. त्याच दिवशीच्या बीपीच्या चिठ्ठीवर मात्र मिळू शकते. अंमली व मनोविकारी औषधे, तसेच ‘शेड्यूल एच-१’ आणि ‘एक्स’मधील औषधे या सवलतीतून वगळली आहेत. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही ‘एच-१’मधली नावे. ही गोष्ट मजकुरातच असली, तर फोनवरचा वाद टळतो.

आरोग्याचा दावा कुठे सुरू होतो?

‘बीपीच्या गोळ्या घरपोच’ ही सेवेची माहिती झाली. ‘आमच्या औषधांनी शुगर कायमची बरी’ हा दावा झाला. औषधे आणि जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार यादीतील आजार बरा करण्याची, त्यावर उपचाराची किंवा तो टाळण्याची जाहिरात करता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्या यादीत आहेत. सोपी कसोटी अशी : वाक्य दुकान काय करते हे सांगत असेल तर ठेवा, शरीरात काय होईल हे सांगत असेल तर काढा.

बेलापूरच्या दुकानाचा मजकूर असा होईल

‘औषधे घरपोच : सीबीडी बेलापूर, सीवूड्स, नेरुळ. खारघर, कामोठे, उलवे येथे सेवा नाही. ऑर्डर सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते रात्री ८. सायंकाळी ५ पर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी, नंतरची कामाच्या पुढच्या दिवशी. चिठ्ठीवरील औषधांसाठी डॉक्टरांची सही व तारीख असलेली चिठ्ठी दुकानात द्यावी किंवा आमच्या नोंदणीकृत ई-मेलवर पाठवावी. चिठ्ठी तात्पुरत्या आजारासाठी ७ आणि दीर्घकालीन आजारासाठी ३० दिवसांच्या आतील हवी. अंमली व मनोविकारी औषधे, तसेच शेड्यूल एच-१ व एक्समधील औषधे घरपोच दिली जात नाहीत. परवाना क्रमांक : …’

यात एकही विशेषण नाही. पण नेरुळच्या घरी बसलेल्या ग्राहकाला आपली गोळी आज येणार की उद्या, हे फोन न करता कळते.