राजीनाम्यानंतर अडकलेले पैसे: पत्रात हिशोब कसा मांडावा

नोकरी सोडून दोन महिने झाले, ‘सेटलमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हेच उत्तर एचआरकडून येत राहते आणि माणूस चिडून लांबलचक पत्र लिहितो. त्यात झालेला अन्याय असतो, पण आकडा नसतो. अशा पत्राला ‘पाहतो’ एवढे उत्तर देऊन कंपनी मोकळी होते. आकडा मांडला, की तो चूक कसा हे कंपनीला दाखवावे लागते.

समजा, एक कर्मचारी 10 जून 2019 रोजी रुजू झाला. 1 डिसेंबर 2025 रोजी त्याने राजीनामा दिला, नोटिशीचा काळ पूर्ण केला आणि 31 डिसेंबर हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. एकूण पगार 40,000 रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000. या तारखा आणि पगाराचे आकडे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात हवेत, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे.

ग्रॅच्युइटीत सर्वाधिक गफलत होते. मूळ पगार व महागाई भत्त्याला 26 ने भागायचे, 15 ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. इथे सेवा साडेसहा वर्षांहून 22 दिवस जास्त आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून वर्षे सात. कंपनीने 30 ने भागून सहाच वर्षे धरली तर 78,000 रुपये येतात, म्हणजे 27,000 कमी. म्हणून सूत्रही पत्रात लिहावे:

“डिसेंबरचा पगार 40,000, वजा भविष्य निर्वाह निधी 3,120 व व्यवसाय कर 200 : 36,680 रुपये.
शिल्लक 18 रजा, कंपनीच्या नियमानुसार दिवसाला 1,000 : 18,000 रुपये.
ग्रॅच्युइटी, 26,000 ÷ 26 × 15 × 7 : 1,05,000 रुपये.
एकूण येणे : 1,59,680 रुपये.”

मुदतीही वेगवेगळ्या असतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचे वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यावे लागते, तर सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. त्यामुळे या उदाहरणात पगार 2 जानेवारीपर्यंत आणि ग्रॅच्युइटी 30 जानेवारीपर्यंत मिळायला हवी होती. उशिराबद्दल ग्रॅच्युइटीवर साधे व्याज मागता येते. रजेचे पैसे मात्र बहुतेकदा कंपनीच्या नियमांवर आणि नेमणूकपत्रावर ठरतात, म्हणून त्या नियमाचा उल्लेख करावा.

शेवटी ठोस मागणी हवी: “ही रक्कम 17 मार्च 2026 पर्यंत माझ्या खात्यात जमा करावी. काही कपात करायची असल्यास तिचे कारण व हिशोब लेखी कळवावा. अन्यथा मी कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करीन.” राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या सॅलरी स्लिपची प्रत जोडावी. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही पाठवून पोचपावती जपावी. आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत ‘सर्व येणे मिळाले’ अशा कागदावर सही करू नये.