शेअरच्या चढउतारात बाजार किती आणि कंपनी किती?

६ मार्च २०२०, शुक्रवार. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध लादले होते आणि खातेदारांना ५० हजारांहून जास्त रक्कम काढायला बंदी घातली होती. त्या शुक्रवारी येस बँकेचा शेअर सुमारे ५६ टक्के कोसळला. सेन्सेक्सही घसरला, पण जेमतेम २.३ टक्के.

पुढे २३ मार्चच्या सोमवारी, टाळेबंदीच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक आपटला. सकाळीच १० टक्क्यांची घसरण झाली आणि नियमानुसार ४५ मिनिटे व्यवहार थांबवावे लागले. त्या दिवशी कोणत्याही एका कंपनीचे घोडे अडले नव्हते. अडला होता तो सगळा बाजार.

या दोन दिवसांत दोष कुणाचा, हे सांगायला गणित लागत नाही. नेहमीच्या महिन्यांत मात्र शेअर ४ टक्के चढतो किंवा ७ टक्के उतरतो, आणि त्यातले बाजाराने किती केले, कंपनीने किती, हे नुसत्या नजरेला कळत नाही. ते वेगळे काढण्याची सोपी रीत अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९६३ साली मांडली. पुढे १९९० साली हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

शार्प यांची अडचण मुळात हिशेबाची होती. मार्कोविट्झ यांच्या पद्धतीने १०० शेअरांचा पोर्टफोलिओ आखायचा तर प्रत्येक शेअर दुसऱ्या प्रत्येक शेअरबरोबर कसा हलतो हे ठाऊक हवे, आणि अशा जोड्या होतात ४,९५०. शार्प म्हणाले, प्रत्येकाचे नाते फक्त एका निर्देशांकाशी जोडा, बाकीच्या जोड्या विसरा. मग एकूण ३०२ आकडे पुरतात. त्या काळच्या आयबीएम ७०९० संगणकावर ३३ मिनिटांचे काम त्यामुळे अर्ध्या मिनिटावर आले.

त्यांचे समीकरण एका ओळीचे आहे:

R = α + β × Rm + e

R हा शेअरचा महिन्याचा परतावा, Rm निर्देशांकाचा. बीटा सांगतो की निर्देशांक १ टक्का हलला तर शेअर सरासरी किती हलतो. अल्फा ही स्थिर रक्कम. आणि e म्हणजे बाजाराच्या हिशेबात न बसलेली उरलीसुरली हालचाल: नवे कंत्राट, कारखान्यातला संप, संचालकांचे भांडण, रिझर्व्ह बँकेचा बडगा.

आता एक कल्पित शेअर घेऊ. ६० महिन्यांचे परतावे एक्सेलच्या एका रकान्यात, त्याच महिन्यांचे निफ्टीचे परतावे शेजारच्या रकान्यात. निफ्टीचे प्रमाण विचलन महिन्याला ५ टक्के निघाले, शेअरचे १० टक्के, आणि =SLOPE(B2:B61,C2:C61) ने बीटा दिला १.२.

इथे बरेच जण घसरतात. बीटा १.२, बाजाराचे विचलन ५, गुणाकार ६. म्हणजे १० पैकी ६, जोखमीतला ६० टक्के वाटा बाजाराचा! हे चूक आहे. विचलनांची अशी सरळ बेरीज-वजाबाकी होत नाही. बेरीज होते ती त्यांच्या वर्गांची, म्हणजे व्हेरिअन्सची. शेअरचा व्हेरिअन्स १०० (१० चा वर्ग), बाजाराचा २५. बीटाचा वर्ग १.४४, गुणिले २५, उत्तर ३६. म्हणून बाजाराचा वाटा ३६ आणि कंपनीचा स्वतःचा ६४. बाजाराकडून आलेले विचलन ६ टक्के, कंपनीचे ८ टक्के, आणि दोन्ही मिळून १४ नव्हे तर १० टक्के. =RSQ(B2:B61,C2:C61) लिहिले की थेट ०.३६ मिळतो, पडताळा तिथेच होतो.

वर्गांची ही बेरीज इतकी चोख जुळते, कारण रेषा बसवतानाच उरलेला e बाजाराशी असंबंधित राहील अशी मांडणी केलेली असते. दोघांमधले देणेघेणे शून्य, म्हणून मध्ये तिसरे पद येत नाही.

६४ चा हा मोठा तुकडा घाबरवणारा वाटतो, पण पातळ करता येतो तो हाच. अशाच स्वभावाचे २० शेअर सारख्या रकमेने घेतले, तर बाजाराचे ३६ जागचे हलत नाहीत. कंपन्यांचे ६४ भागिले २० म्हणजे ३.२ उरतात. एकूण ३९.२, विचलन १० वरून सव्वासहा टक्क्यांवर. त्यापुढे आणखी ५० कंपन्या आणल्या तरी ते ६ च्या खाली जाणार नाही.

हे सगळे एका गृहीतकावर उभे आहे: एका कंपनीचा e दुसरीच्या e शी बोलत नाही. आता पुन्हा ६ मार्चकडे पाहा. त्या दिवशी स्टेट बँकेचा शेअरही सुमारे ६ टक्के उतरला, कारण येस बँकेला सावरण्यासाठी तिला पैसे घालावे लागणार होते. एका बँकेचे घरगुती संकट दुसरीच्या दारात आले, आणि समीकरणात मात्र दोन्ही e एकमेकांना ओळखत नाहीत. आपले २० शेअर सगळे बँकांचे असते आणि त्यांच्या e मध्ये ०.२५ इतका सहसंबंध असता, तर ३.२ च्या जागी १८.४ उरले असते. मॉडेल सव्वासहा टक्के सांगते आणि खरे विचलन असते सुमारे ७.४. तपासणी सोपी आहे: प्रत्येक शेअरचे ६० e काढायचे आणि दोन-दोन रकान्यांवर =CORREL चालवायचे. एकाच उद्योगातल्या जोड्या वारंवार शून्याच्या बऱ्याच वर दिसल्या, तर एक निर्देशांक पुरत नाही. उद्योगाचा निर्देशांकही जोडावा लागतो.

दुसरी खोच खिडकीची. मार्च २०२० या एका महिन्यात निफ्टी सुमारे २३ टक्के पडला. २३ चा वर्ग ५२९; साठ महिन्यांच्या हिशेबात तो एकटा महिना बाजाराच्या व्हेरिअन्समध्ये जवळपास ९ ची भर घालतो. जिथे सगळे मिळून २५ च्या आसपास असते, तिथे ९ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. असा महिना खिडकीत असला की बहुतेक शेअरांत बाजाराचा वाटा फुगलेला दिसतो. फेब्रुवारी २०२५ अखेरच्या साठ महिन्यांत तो होता; मार्च २०२५ अखेरच्या साठ महिन्यांत तो गळाला. कंपनीच्या कारभारात काडीचाही फरक न पडता तिचा बीटा आणि बाजाराचा वाटा एका महिन्यात बदलू शकतो.

फारसे व्यवहार न होणाऱ्या छोट्या शेअरांत उलटे घडते. रोजचे भाव घेतले तर बाजार आज हलतो आणि शेअरचा सौदा दोन दिवसांनी होतो. बीटा खोटा लहान निघतो आणि बाजाराची जोखीम कंपनीच्या खात्यात जमा होते. अशा शेअरचा बीटा रोजच्या आणि महिन्याच्या आकड्यांवरून वेगवेगळा काढून पाहावा. महिन्याचा बराच मोठा आला, तर रोजच्या आकड्यांवरून केलेली वाटणी बाजूला ठेवलेली बरी.