चार शहरे, २२४ रुग्ण आणि मोजणीचा हिशेब

डेन्मार्कमधील फ्रेडेरिसिया, हॉर्सेन्स, कोल्डिंग आणि वायले ही एकमेकांजवळ वसलेली चार शहरे. १९६८ ते १९७१ या चार वर्षांत तेथील चाळिशी ओलांडलेल्या रहिवाशांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे २२४ नवे रुग्ण नोंदले गेले. फ्रेडेरिसियात ६४, हॉर्सेन्समध्ये ५८, कोल्डिंग आणि वायलेत प्रत्येकी ५१. फ्रेडेरिसियाच्या बंदरालगत पेट्रोरसायन उद्योग असल्यामुळे १९७४ मध्ये हे आकडे त्या देशात चर्चेचा विषय झाले. एर्लिंग अँडरसन या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही छोटी सारणी प्वासाँ समाश्रयण शिकवण्यासाठी जगभर वापरली जाते. सारणीत फक्त चोवीस ओळी आहेत. चार शहरे, प्रत्येकाचे सहा वयोगट, आणि प्रत्येक ओळीत त्या वयोगटाची लोकसंख्या व रुग्णसंख्या.

६४ हा आकडा ५१ पेक्षा मोठा आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आधी विचारायचे ते असे, की हे ६४ रुग्ण कितीजणांमधून आणि किती काळात आले? रोगनिरीक्षणात त्यासाठी व्यक्ती-वर्ष हे माप वापरतात. एक माणूस एक वर्ष निरीक्षणाखाली राहिला तर एक व्यक्ती-वर्ष भरते. शंभर माणसे चार वर्षे राहिली तर चारशे भरतात. नोंदवहीत प्रत्येक रहिवाशाचे येणे-जाणे, मृत्यू किंवा स्थलांतर टिपलेले नसते, म्हणून शहराच्या पातळीवर लोकसंख्येला वर्षांनी गुणून हे माप काढले जाते. फ्रेडेरिसियात चाळिशीपुढचे ६,२६४ लोक होते. चार वर्षांची व्यक्ती-वर्षे झाली २५,०५६, आणि दर आला हजार व्यक्ती-वर्षांमागे सुमारे २.५५ नवे रुग्ण. हॉर्सेन्सचा दर २.०३, कोल्डिंगचा १.८३ आणि वायलेचा २.१२. एका दराला दुसऱ्याने भागले की दर-गुणोत्तर मिळते. हॉर्सेन्सचा दर फ्रेडेरिसियाच्या ०.८० पट आहे, म्हणजे तेथे नवे रुग्ण पाचव्या हिश्श्याने कमी.

हे गुणोत्तर मात्र अजून कच्चे आहे, कारण फुप्फुसाचा कर्करोग वयाबरोबर झपाट्याने वाढतो आणि चारही शहरांचे वय सारखे नव्हते. फ्रेडेरिसियातील चाळिशीपुढच्या लोकांपैकी ४९ टक्के ४० ते ५४ या वयोगटात होते, तर हॉर्सेन्समध्ये ४० टक्के. ज्या शहरावर संशय होता ते शहर तुलनेने तरुण होते, म्हणजे कच्चा दर त्याच्या बाजूने झुकलेला होता. हे हाताने तपासता येते. उरलेल्या तीन शहरांचे वयोगटनिहाय दर घेऊन ते फ्रेडेरिसियाच्या लोकसंख्येला लावले, तर तेथे सुमारे ४६ रुग्ण अपेक्षित होतात. प्रत्यक्षात ६४ सापडले. वयाचा विचार न करता हाच हिशेब केला तर अपेक्षित आकडा जवळपास ५० येतो आणि जादा रुग्ण १८ ऐवजी १४ दिसतात. वय जमेस धरल्यावर तफावत कमी होईल, असा सर्वसाधारण समज असतो. येथे ती वाढली.

चार शहरे आणि सहा वयोगट असताना हे काम कागदावर होते. पण लिंग, वर्ष, व्यवसाय अशा आणखी बाबी आल्या की एकेक कप्पा इतका लहान होतो की त्यात दोन-चार रुग्ण उरतात. अशा वेळी सर्व कप्प्यांना एका सूत्रात बांधणारे प्रारूप लागते. साधे रेषीय समाश्रयण येथे दोन कारणांनी अडते. ते शून्याखालचे रुग्णही भाकीत करू शकते, आणि प्रत्येक कप्प्यातली अनिश्चितता सारखीच असल्याचे मानते. मोजणीच्या आकड्यांत तसे नसते. ज्या कप्प्यात सरासरी १०० रुग्ण अपेक्षित आहेत, तेथे निव्वळ योगायोगाने दहाएक इकडे-तिकडे होणे स्वाभाविक आहे. जेथे ४ अपेक्षित आहेत तेथे हा चढउतार दोनचा. फ्रेंच गणिती सिमेओं प्वासाँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणाचा हाच गुण आहे, की त्यात विचरण सरासरीइतकेच असते. त्यामुळे चढउताराचे प्रमाण सरासरीच्या वर्गमुळाइतके येते.

प्वासाँ समाश्रयणात अपेक्षित रुग्णसंख्येचा लॉगॅरिथम घेतला जातो आणि तो काही पदांची बेरीज म्हणून लिहिला जातो. लॉगॅरिथममधली बेरीज मूळ मोजपट्टीवर गुणाकार होते. म्हणून उत्तरे आपोआप ‘इतके पट’ या रूपात, म्हणजे दर-गुणोत्तरांत येतात. त्या बेरजेत एक पद इतरांहून वेगळे असते. ते व्यक्ती-वर्षांच्या लॉगॅरिथमचे, आणि त्यालाच ऑफसेट म्हणतात. शहराचा व वयाचा परिणाम किती हे संगणक आकड्यांवरून शोधतो. ऑफसेटचा गुणक मात्र शोधायचा नसतो, तो १ असा ठरवूनच दिलेला असतो. त्यामागचे म्हणणे सरळ आहे: बाकी सारे समान असताना माणसे दुप्पट झाली, तर रुग्णही दुप्पट अपेक्षित आहेत. या एका पदामुळे संख्येचे प्रारूप दराचे प्रारूप होते, तरीही प्रत्येक कप्प्यातली मूळ रुग्णसंख्या शाबूत राहते. आधीच भागाकार करून दर घेतले असते, तर ८०० जणांतले ११ आणि ८,००० जणांतले ११० हे दोन्ही सारखेच दिसले असते, आणि दुसरा दर किती तरी अधिक भरवशाचा आहे ही माहिती हरवली असती.

ही सारणी आर या संगणक प्रणालीच्या `ISwR` संचात `eba1977` या नावाने मिळते.

```r
library(ISwR)
m <- glm(cases ~ city + age + offset(log(pop)),
         family = poisson, data = eba1977)
summary(m)
exp(coef(m))
```

येथे ऑफसेटमध्ये व्यक्ती-वर्षांऐवजी नुसती लोकसंख्या आहे. सर्व शहरांचा काळ चारच वर्षांचा असल्याने त्याने दर-गुणोत्तरांत फरक पडत नाही. फक्त आरंभीचे स्थिरपद −५.६३ येते. ते उलटवले की ०.००३५८ मिळते, म्हणजे फ्रेडेरिसियातील ४० ते ५४ वयोगटात चार वर्षांत हजारी साडेतीनाहून थोडे अधिक रुग्ण. वर्षाला हा दर हजारी ०.९ होतो. एखाद्या शहराची नोंद तीनच वर्षांची असती, तर मात्र ही सवलत चालली नसती. तेथे खरी व्यक्ती-वर्षेच द्यावी लागली असती. नेहमी होणारी चूक म्हणजे ऑफसेटमध्ये `log` लिहायला विसरणे. तसे झाले तर प्रारूप निरर्थक होते. ती पकडायची सोपी रीत म्हणजे स्थिरपद उलटवून मिळणारा दर त्या रोगाच्या बाबतीत शक्य कोटीतला आहे का, हे पाहणे.

या प्रारूपात फ्रेडेरिसियाच्या तुलनेत हॉर्सेन्सचे दर-गुणोत्तर ०.७२, कोल्डिंगचे ०.६९ आणि वायलेचे ०.७६ येते. हॉर्सेन्सचे कच्चे गुणोत्तर ०.८० होते. हाताने केलेल्या हिशेबात दिसलेली वयाची ओढ येथेही दिसते. वयाचा परिणाम तर शहरापेक्षा कितीतरी मोठा आहे. ४० ते ५४ च्या तुलनेत ५५ ते ५९ वयोगटाचा दर तिप्पट, ७० ते ७४ चा ६.४ पट, आणि ७५ च्या पुढे तो पुन्हा ४.१ पटीवर उतरतो. कोणत्याही कप्प्याचा अपेक्षित आकडा या तुकड्यांच्या गुणाकारातून मिळतो. कोल्डिंगमधील ६५ ते ६९ वयाच्या ७०२ जणांसाठी ०.००३५८ ला शहराच्या ०.६९ ने आणि वयाच्या ५.८६ ने गुणायचे, मग ७०२ ने. उत्तर येते सुमारे १०. प्रत्यक्ष रुग्ण होते ११.

मग फ्रेडेरिसियात धोका खरोखर जास्त होता का? कोल्डिंगच्या गुणोत्तराचे ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.४८ ते ०.९९७ आहे, म्हणजे ते १ ला स्पर्श न करता जेमतेम थांबते. हॉर्सेन्स आणि वायलेची अंतराले १ ओलांडतात. शहर हा घटक एकत्रितपणे तपासला, की चारही शहरांचे दर सारखे असते तरी एवढा फरक दिसण्याची शक्यता सुमारे १८ टक्के येते, आणि एवढ्यावर कोणी शहरांत फरक असल्याचे म्हणणार नाही. पण उरलेली तीन शहरे एकत्र करून फ्रेडेरिसियाची त्यांच्याशी तुलना केली, तर गुणोत्तर सुमारे १.३८ येते आणि हीच शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास उतरते. आकडे तेच, निष्कर्ष दोन. दोहोंतला निवाडा गणित करू शकत नाही. बंदरातील उद्योगामुळे शंका रुग्णसंख्या पाहण्याआधीच धरलेली असेल, तर एक विरुद्ध तीन ही तुलना रास्त आहे. चारांपैकी सर्वांत उंच आकडा पाहून मग त्या शहरावर बोट ठेवले असेल, तर ३ टक्के हा आकडा फसवा आहे, कारण चारांत कोणीतरी सर्वांत उंच असणारच.

प्वासाँची मूळ अट पाळली गेली का, हेही पाहावे लागते. त्यासाठी उरलेला डेव्हिअन्स आणि त्याचे मुक्ती-अंश यांची तुलना करतात. प्रारूप चपखल असेल तर दोन्ही जवळपास सारखे असतात. येथे डेव्हिअन्स २३.४ आहे आणि मुक्ती-अंश १५, म्हणजे प्रमाण दीडच्या वर. हे धोक्याचे नसले तरी निश्चिंत व्हावे असेही नाही. ओढ कुठून आली ते एकेका कप्प्यात डोकावले की कळते. हॉर्सेन्समधील ७५ वर्षांपुढच्या ७८२ जणांमध्ये प्रारूपाला आठ रुग्ण अपेक्षित होते. नोंदले गेले फक्त दोन. हा योगायोग असू शकतो. तेथील वृद्धांचे निदान किंवा नोंद कमी झाली असणेही शक्य आहे. आकड्यांतून ते उलगडत नाही, मूळ नोंदींकडेच जावे लागते. विखुरलेपणा प्वासाँपेक्षा जास्त असल्याचे मानून प्रमाणित त्रुटी त्या प्रमाणात वाढवल्या, तर दर-गुणोत्तरे तीच राहतात. अंतराले रुंदावतात आणि कोल्डिंगचे अंतरालही १ ओलांडून जाते. साथीच्या रोगांत हा विखुरलेपणा याहून कितीतरी मोठा असतो, कारण तेथे एका रुग्णामुळे दुसरा होतो आणि प्रकरणे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. तेथे ऋण द्विपद प्रारूप घेणेच योग्य. ऑफसेट त्यातही असाच बसतो.

उद्योगाविषयी या सारणीतून प्रत्यक्ष काहीच सांगता येत नाही. तीत कोण धूम्रपान करत होते, कोण बंदरात काम करत होते, कोण त्या शहरात आयुष्यभर राहिले आणि कोण नुकतेच आले, यांपैकी एकही रकाना नाही. स्त्री-पुरुष अशी विभागणीही नाही. कर्करोगाला दशके लागतात, तर येथे धरलेली लोकसंख्या निदानाच्या वेळची आहे. फ्रेडेरिसियात धूम्रपान इतर शहरांहून बरेच अधिक असते, तरीही १.३८ हे गुणोत्तर दिसू शकले असते. शहराच्या पातळीवरील दर-गुणोत्तर कुठे शोध घ्यावा हे दाखवते. त्यापुढच्या शोधासाठी व्यक्तिनिहाय नोंदी लागतात, प्रत्येक कामगाराच्या नोकरीच्या आणि सिगारेटच्या वर्षांसह. तेव्हा व्यक्ती-वर्षे अंदाजाने न काढता प्रत्येकाच्या प्रवेशापासून निदान, मृत्यू किंवा स्थलांतरापर्यंत मोजली जातात. वय वाढत जाते तशी एकाच माणसाची वर्षे एका वयोगटातून पुढच्या वयोगटात वाटली जातात, आणि प्रत्येक कप्प्याच्या ऑफसेटमध्ये त्याच्या वाट्याला आलेली वर्षे बसतात.