पेणला बारा वाजतात बारा अडतीसला

रामनवमीला पेण-रोह्याकडच्या देवळांत घड्याळाचा काटा बारावर आला की पाळणा हलतो. रामजन्म मध्यान्हीचा, म्हणून बारा. पंचांग उघडून पाहिलं तर मध्यान्हाची वेळ बारा चाळीसच्या आसपास दिलेली दिसते. पंचांग बरोबर आहे आणि घड्याळही बिघडलेलं नाही. मधली ही चाळीसेक मिनिटं आली कुठून, हे कळलं की भारताची वेळ जागतिक वेळेपुढे नेमकी साडेपाच तासच का, हेही उलगडतं.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं लागतात. पेण ग्रीनिचच्या पूर्वेला साधारण ७३ अंश ६ मिनिटांवर आहे. चाराने गुणलं की २९२ मिनिटं होतात. पेणची सूर्यावरची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास बावन्न मिनिटं आहे, ती अशी. रोहा पेणच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला असल्यामुळे तिथला मध्यान्ह पेणपेक्षा फक्त काही सेकंदांनी वेगळा. गाडी दक्षिणेकडे कितीही पळाली तरी सूर्याची वेळ बदलत नाही, पूर्वेकडे निघाली की बदलते.

पूर्वी प्रत्येक मोठ्या शहराची अशी आपापली वेळ असे. मुंबईची ग्रीनिचपुढे चार तास एक्कावन्न मिनिटं, कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न, आणि रेल्वे चालत असे मद्रासच्या पाच तास एकवीस मिनिटांवर. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य ठरली. पण इतर देशांनी तिच्यापासून पूर्ण तासांचंच अंतर ठेवावं, असं बंधन कुणावर आलं नाही. पूर्ण तास ही सोय होती, नियम नव्हता.

पूर्ण तासांच्या रेषा दर १५ अंशांवर येतात. त्यांतली पाच तासांची ७५ अंशांवर आणि सहा तासांची ९० अंशांवर. दोन्ही भारतातून जातात आणि देशाचा मध्य त्यांच्या जवळजवळ मधोमध पडतो. पाच तास धरले असते, तर आसामात दिब्रुगडला सूर्य डोक्यावर आला असता घड्याळातल्या दहा चाळीसला. सहा धरले असते, तर द्वारकेला मध्यान्ह दुपारी एक चोवीसला झाला असता. ८२.५ अंशांची मधली रेषा घेतली की दिब्रुगडचा मध्यान्ह अकरा दहाला आणि द्वारकेचा बारा चोपन्नला येतो. एक टोक पन्नास मिनिटं लवकर, दुसरं चोपन्न मिनिटं उशिरा. देशात घड्याळ एकच ठेवायचं, तर चूक दोघांत सारखी वाटून घेणं एवढंच हातात होतं. साडेब्याऐंशीला चाराने गुणा, ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास.

ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईला ती रुचली नाही, कारण घड्याळं एका दमात एकोणचाळीस मिनिटं पुढे न्यावी लागणार होती. पहाटे उठून गिरणी गाठणाऱ्याला ते थेट झोपेत जाणवलं. गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि महापालिकेने जुनी ‘मुंबई वेळ’ पुढे कित्येक दशकं सोडली नाही.

नेपाळने आणखी बारीक हिशेब केला. काठमांडूची स्वतःची वेळ पाच तास एकेचाळीस मिनिटं. बराच काळ भारताचीच वेळ वापरल्यावर १९८६ मध्ये त्या देशाने गौरीशंकर शिखराजवळून जाणारी ८६ अंश १५ मिनिटांची रेषा धरली आणि घड्याळ पाच तास पंचेचाळीसवर नेलं. अर्धा तास असो की पाऊण तास, दोन्हींमागे विचार एकच: घड्याळ आपल्या आकाशाच्या जवळ ठेवायचं.

पेणचा हिशेब अंगणात तपासता येतो. नाताळच्या सुमारास सपाट जागी ओळंब्याने सरळ काठी रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल ती वेळ लिहून ठेवा; दुपारी ते पुन्हा टेकेल, तीही लिहा. समजा, पहिली वेळ अकरा पाच आणि दुसरी दोन अकरा आली, तर मधली बारा अडतीस. तोच पेणचा मध्यान्ह. सर्वांत आखूड सावली कधी पडते हे नुसतं बघून ठरवू नका. मध्यान्हाच्या आसपास सावली इतकी सावकाश बदलते की डोळा फसतो.

वर्षभर मात्र उत्तर हेच येणार नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला मध्यान्ह बारा बावन्नपर्यंत लांबतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा एकवीसलाच उरकतो. वर्षाची सरासरी काढली की पुन्हा बारा अडतीस. दिब्रुगडला आणि द्वारकेला एकाच घड्याळात बसवण्यासाठी पेण-रोह्याच्या वाट्याला आलेला हिस्सा तो एवढाच, अडतीस मिनिटांचा.